सोळा ठिपक्यांचा चेहरा

भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत खासगी आयुष्याच्या हक्काविषयी लिहिताना एकापाठोपाठ दोन वाक्यं येतात. पहिलं सांगतं की, माणसाच्या वैयक्तिक दुःखाच्या क्षणात कॅमेरा घेऊन शिरू नये. लगेच पुढचं म्हणतं की, अपघातातल्या किंवा नैसर्गिक आपत्तीतल्या बळींची छायाचित्रं मात्र व्यापक जनहिताची असू शकतात. अपघाताच्या फोटोवरून तक्रार झाली की तक्रारदार पहिल्या वाक्यावर उभा राहतो आणि संपादक दुसऱ्यावर. दोघांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत एक कागद लिहावा लागतो : संपादकाचं लेखी उत्तर. कायद्याच्या भाषेत लेखी निवेदन. एका रात्री काही मिनिटांत घेतलेला निर्णय त्या कागदावर पुन्हा उलगडावा लागतो, आणि तो उलगडताना ज्या गोष्टी बाहेर येतात त्या थक्क करणाऱ्या आहेत.

आधी या कागदाचा रस्ता पाहू. कौन्सिल १९६६ मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिले अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर होते. आणीबाणीत ते बरखास्त झालं आणि १९७८ च्या कायद्यानं पुन्हा उभं राहिलं. दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत करायची असते. त्याआधी तक्रारदारानं थेट संपादकाला पत्र लिहून आपलं म्हणणं कळवावं, असा नियम आहे, आणि त्या पत्राची व आलेल्या उत्तराची प्रत तक्रारीला जोडायची असते. नंतर कौन्सिलची कारणे दाखवा नोटीस येते. ती मिळाल्यापासून चौदा दिवसांत, किंवा वाढवून मिळालेल्या मुदतीत, लेखी निवेदन द्यायचं.

इथेच पहिली अडचण उभी राहते. नोटीस येईपर्यंत संपादकाचं एक उत्तर पुराव्यात जाऊन बसलेलं असतं. घरच्यांचं पत्र आलं तेव्हा कामाच्या घाईत, थोडं चिडून, ‘बातमीच्या गरजेनुसार छायाचित्र छापले आहे, कोणालाही दुखावण्याचा हेतू नव्हता’ अशा दोन ओळी पाठवलेल्या असतात. चौकशी समितीच्या सदस्यांसमोर त्या दोन ओळी आधी येतात आणि सविस्तर निवेदन नंतर. दोन्हींचा सूर जुळला नाही, तर निवेदन कितीही मुद्देसूद असलं तरी ते वकिलानं लिहून दिलेलं वाटतं.

एक कल्पित प्रसंग घेऊ. घाटात संध्याकाळी साडेसहाला खासगी आराम बस कठडा नसलेल्या वळणावरून खाली गेली. जिल्हा दैनिकाच्या तालुका वार्ताहरानं सव्वासातच्या सुमारास पंधरा फोटो काढले. डाक आवृत्तीचं पान साडेदहाला सुटलं आणि पहिल्या पानावर तीन कॉलमात एक फोटो लागला : उताराच्या गवतात ओळीनं ठेवलेले चार मृतदेह, मागे उलटलेली बस. एका तरुणाच्या अंगावर हिरव्या पट्ट्यांचा शर्ट. सकाळी त्याच्या बहिणीनं गावातल्या चहाच्या टपरीवर पेपर पाहिला. पोलिसांचा फोन घरी आला तो त्यानंतर.

अशा तक्रारीत संपादकाच्या निवेदनात हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘छायाचित्रात चेहरे स्पष्ट दिसत नाहीत, सबब ओळख उघड झालेली नाही.’ ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. रात्रपाळीच्या उपसंपादकाला तो चेहरा खरोखरच ओळखता आला नव्हता. पण मोजून पाहू. वर्तमानपत्राच्या कागदावर फोटो ठिपक्यांच्या जाळीतून छापला जातो, आणि ती जाळी सेंटिमीटरला साधारण चाळीस ओळींची असते. छापलेल्या फोटोत चेहऱ्याची रुंदी चार मिलिमीटर असेल, तर तो सोळा ठिपक्यांत मावतो. उंचीत वीस धरले तर अख्खा माणूस तीनशे वीस ठिपक्यांत येतो. इतक्या थोड्या ठिपक्यांत कोण ओळखू येणार, असं कोणालाही वाटेल.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले संशोधक लिऑन हार्मन यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. अब्राहम लिंकनच्या चित्राचे त्यांनी अडीचशेच्या आसपास राखाडी चौकोन केले, प्रत्येक चौकोन एकाच छटेचा. जवळून बघावं तर नुसत्या फरशा. चार पावलं मागे जावं किंवा डोळे किलकिले करावेत, तर समोर लिंकन उभा! चौकोनांच्या धारदार कडाच मेंदूला अडवत असतात, त्या धूसर झाल्या की चेहरा वर येतो. म्हणजे आपण ज्याला पुसून टाकणं समजतो, तेच कधी कधी ओळख सोपी करतं. आणि ही किमया घडते ती ओळखीच्या चेहऱ्याबाबत. अनोळखी माणसासाठी सोळा ठिपके म्हणजे धूसर डाग, पण बहिणीसाठी ते पुरेसे आहेत. त्यात शर्ट आहे, केसांचा भांग आहे, हाताची ठेवण आहे. चेहऱ्यावर जाडे चौकोन टाकले असते तरी ती चुकली नसती.

म्हणून माझ्या मते निवेदनातलं हे वाक्य सगळ्यात कमकुवत. संपादकानं ओळखीची कसोटी परक्याच्या नजरेनं लावली. ती घरच्यांच्या नजरेनं लावायला हवी होती, कारण ज्याचा क्षण जपायचा तो घरचाच माणूस. चांगलं निवेदन हे मान्य करून पुढे जातं : सर्वसाधारण वाचकाला ओळख पटली नसेल, कुटुंबाला पटू शकते, आणि याचा विचार त्या रात्री झाला नाही. ई-पेपरवर तर बोटांनी फोटो मोठा करता येतो, त्यामुळे छापील पानाच्या आधारावर केलेला बचाव तिथे लागूच पडत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. घरी कळण्याआधी फोटो छापला का, याचं उत्तर कोण देणार? इथे छायाचित्र स्वतःच साक्षीला उभं राहतं. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फाइलच्या पोटात `DateTimeOriginal` नावाची नोंद लिहितो, अगदी सेकंदापर्यंत. डोळ्यांना न दिसणारी ही नोंद फाइलच्या गुणधर्मांत उघडून वाचता येते. मात्र ती दोन ठिकाणी दगा देते. वार्ताहरानं फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, तर वाटेत ती नोंद गळून जाते आणि कार्यालयात पोचते ती जन्मवेळ हरवलेली प्रत. म्हणून निवेदनाला जोडायची ती वार्ताहराच्या कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली मूळ फाइल. दुसरं, कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असू शकतं. त्याच कार्डावर ज्याची वेळ दुसरीकडून पक्की माहीत आहे असा एखादा फोटो असतो, त्याच दिवशीच्या ध्वजवंदनाचा म्हणा, त्याच्याशी ताडून फरक काढता येतो.

आपल्या प्रसंगात फोटो सव्वासातचा, पान साडेदहाचं. मधे सव्वातीन तास होते. या वेळात पोलीस ठाण्यात किंवा ग्रामीण रुग्णालयात फोन करून ओळख पटली का, नातेवाइकांना कळवलं का, एवढं विचारलं गेलं होतं का? विचारलं असेल तर कोणी, किती वाजता, काय उत्तर मिळालं, हे निवेदनात लिहिता येतं आणि त्याला खरं वजन असतं. विचारलं नसेल तर तसं लिहिणं भाग आहे. ‘मुदतीचा दबाव होता’ हे वाक्य सव्वातीन तासांपुढे टिकत नाही.

आता जनहित. संपादक म्हणतो, त्या वळणावर कठडा नव्हता, लोकांना हे कळायला हवं होतं. मुद्दा खराच आहे. पण इथे मला बोस्टनमधला एक फोटो आठवतो. २२ जुलै १९७५ रोजी मार्लबरो स्ट्रीटवरच्या आगीत, सुटकेसाठी बांधलेला बाहेरचा लोखंडी जिना कोसळला. ‘बोस्टन हेरल्ड अमेरिकन’चे स्टॅन्ली फोरमन यांनी एका एकोणीस वर्षांच्या तरुणीला आणि दोन वर्षांच्या मुलीला हवेतून खाली पडताना टिपलं. तरुणी गेली, मुलगी वाचली. अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांनी तो छापला आणि वाचकांच्या संतापाची पत्रं आली. त्या फोटोला १९७६ चं पुलित्झर मिळालं, आणि अशा जिन्यांच्या देखभालीचे नियम कडक होण्यात त्याचा वाटा राहिला. त्या चौकटीत नीट पाहिलं तर माणसांसोबत निखळलेला जिनाही आहे. दोष आणि त्याचे बळी एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. माणसं वगळली तर पुरावाच उरत नाही.

घाटातल्या फोटोला हीच कसोटी लावू. चौकटीत मृतदेह आहेत, बस आहे, पण वळण नाही आणि कठड्याची रिकामी जागाही नाही. निवेदनासोबत पंधराही फोटो जोडले, तर त्यात दोन असे निघतात की, तुटलेली कड, चाकांच्या खुणा आणि खाली बस दिसते, मृतदेह नाहीत. म्हणजे जनहिताचा मुद्दा ज्या फोटोत होता तो बाजूला राहिला होता. हे पंधरा फोटो जोडणं संपादकाच्या विरोधात जाईल, असं सल्लागार म्हणेल. जाईलही. तरी ते जोडावेत असं मला ठामपणे वाटतं. वर्तमानपत्रात काय छापायचं ते निवडण्याची जबाबदारी संपादकाची, हे प्रत्येक अंकाच्या खालच्या ओळीत छापलं जात आलं आहे. निवड कशातून केली हे दाखवल्याशिवाय त्या जबाबदारीचा हिशेब देता येत नाही.

कौन्सिलकडे दंड करण्याचा अधिकार नाही. ते ताकीद देऊ शकतं, कानउघाडणी करू शकतं, ठपका ठेवू शकतं आणि चौकशीचा तपशील त्याच वर्तमानपत्रात छापायला सांगू शकतं. निवेदनाची प्रत तक्रारदाराला मिळते, आणि ती तिथे वाचणारी व्यक्ती ही टपरीवर पेपर पाहणारी बहीण असते. म्हणून ‘मयत इसम’ असं लिहिण्याआधी थांबावं. कुटुंबाला त्यांचा माणूस ज्या नावानं ठाऊक आहे, त्या नावानं आदरानं उल्लेख करावा.

निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदात संपादक दिलगिरी छापायची तयारी दाखवतो, बहुधा पहिल्याच पानावर. इथे एक बारीक गोष्ट आहे. दिलगिरीत अंकाची तारीख आणि पान दिलं की, ज्यांनी तो फोटो पाहिला नव्हता ते जुना ई-पेपर उघडून शोधतात. म्हणून आधी ई-पेपरचं ते पान बदलायचं, संग्रहातली फाइल वापरासाठी बंद करायची, मग मजकूर कुटुंबाला दाखवून त्यात मुलाचं नाव हवं की नको हे त्यांनाच विचारायचं. आणि हे सगळं कोणत्या तारखेला केलं, तेही निवेदनात लिहायचं.