करार फसला, पण पैशांचं काय?

जुलै 1895. कलकत्त्यातल्या धर्मोदास घोष या तरुणानं आपली मालमत्ता सावकाराकडे गहाण टाकली. कागदावर वीस हजारांची रक्कम, व्याज बारा टक्के. धर्मोदास अजून अज्ञान आहे, हे सावकाराच्या माणसाला आधीच कळवलेलं होतं. तरी कागद झाला, पैसेही दिले गेले. पुढं आईमार्फत दावा दाखल झाला आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. 1903 मध्ये निकाल लागला: अज्ञानाचा करार मुळातच शून्य. गहाणखत गेलंच, पण दिलेले पैसेसुद्धा परत मिळाले नाहीत. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 11 चा हा अर्थ आजही कायम आहे. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला उधारीवर मोबाइल देणाऱ्या दुकानदारानं त्याच्याविरुद्ध करारावर विसंबून दावा लावला, तर तो टिकत नाही. मुलगा पुढं अठरा वर्षांचा झाला, म्हणूनही त्या करारात जीव येत नाही.

मीटर मागं फिरवलेली जुनी गाडी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. विक्रेत्यानं सांगितलं चाळीस हजार किलोमीटर, मेकॅनिकनं उघडून पाहिली तर गाडी लाखाच्या पुढं धावलेली. इथं फसवणूक आहे, पण करार शून्य नाही. तो रद्द करता येण्याजोगा आहे, आणि तसं करायचं की नाही हे फसलेल्यानं ठरवायचं. फसवणाऱ्याला तो हक्क नाही. धाकदपटशानं किंवा वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन सही घेतली असेल, तरी हाच नियम. रद्द केला तर गाडी परत, पैसे परत. मात्र लबाडी कळल्यावरही गाडी खुशाल वापरत राहिलं, तर करार मान्य केला असं धरलं जाऊ शकतं. म्हणून कळताक्षणी लेखी कळवलेलं बरं.

तिसरा प्रकार सर्वांत चकवा देणारा, आणि घरोघरी सापडणारा. मेहुण्याला पन्नास हजार हातउसने दिले, परतीची तारीख ठरली नाही, आणि नात्यात मागायचं कसं म्हणून चार वर्षं गेली. व्यवहार अगदी खरा, फसवणूक नाही, दोघंही सज्ञान. पण अशा पैशांचा दावा दिल्या दिवसापासून तीन वर्षांत लावावा लागतो. त्यानंतर कर्ज उरतं, वसुलीसाठी कोर्टाचं दार मात्र बंद होतं. गंमत अशी की, मेहुण्यानं उद्या आपणहून पैसे फेडले आणि परवा मुदतीचं कारण सांगून परत मागितले, तर त्याला ते मिळणार नाहीत.

मुदत उलटल्यावरही एक वाट राहते. ‘ही रक्कम मी देईन’ असं मेहुण्यानं लिहून, सही करून दिलं, तर कलम 25 नुसार ते वचन नव्यानं बंधनकारक होतं. तोंडी कबुली पुरत नाही. मुदत संपायच्या आत त्यानं देणं लेखी मान्य केलं, तर तीन वर्षं त्या सहीच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात.