मेंटेनन्स कमी करीन, मत द्या!

सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर होतात, पार्किंगवरून दोघांचं वाजतं आणि मग कमिटीच्या निवडणुकीला उभे असलेले एकेक करून ओळख करून देतात. ‘मी बी विंग, तीनशे चार. बारा वर्षं इथे राहतोय, आपण सगळे एकाच कुटुंबातले...’ इथपर्यंत मागच्या रांगेत गप्पा चालूच असतात. ‘निवडून आलो तर मेंटेनन्स कमी करीन’ म्हटलं, की मात्र माना वर होतात.

हे आश्वासन कितपत पाळता येतं?

समजा, सोसायटी 64 सदनिकांची आहे आणि प्रत्येकाला महिन्याला 3,000 रुपये बिल येतं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के घ्यावे लागतात. बांधकाम खर्च 12 लाख धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला 12,000, म्हणजे महिन्याला 1,000 रुपये झाले. सोसायटी आधीच किमान दराने घेत असेल, तर या रकमेला कमिटीला हात लावता येत नाही. आकडा तरीही खाली आणलाच, तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायच्या वेळी तेच पैसे एकरकमी मागावे लागतात.

उरलेल्या दोन हजारांत पाणी, वॉचमन, सफाई, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे. काटकसर करायची ती इथेच. पण सोसायटीचे महिन्याला 6,400 रुपये वाचवले, तरी एका घराच्या बिलात फरक पडतो फक्त शंभराचा! म्हणून ‘निम्मं करीन’ म्हणणाऱ्यापेक्षा, ‘गच्चीवरची टाकी भरून वाहते, पंप वेळेवर बंद होत नाही, तिथे ऑटोमॅटिक स्विच बसवू आणि आधी तीन कोटेशनं नोटीस बोर्डावर लावू’ असं म्हणणारा जास्त भरवशाचा. त्याने टाकी निदान पाहिलेली असते.

ओळख करून देताना स्वतःच्या थकबाकीचाही उल्लेख करावा. सोसायटीची बिलं थकवणारा सभासद कमिटीवर निवडून यायला अपात्र ठरू शकतो, आणि ‘तुमचं बिल भरलंय का?’ हा प्रश्न मागच्या रांगेतून हमखास येतो. महिलांसाठी किंवा इतर राखीव जागेवर उभं असलेल्यांनीही सगळ्यांकडेच मत मागावं, कारण त्या जागांसाठी सगळेच सभासद मतदान करतात.

‘मला चेअरमन करा’ हे मात्र सभेला सांगण्यात अर्थ नाही. सभासद निवडतात ते कमिटीचे सदस्य. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार हे सदस्य आपल्यातूनच नंतर निवडतात.