टिंब उचला, स्थळं मोजा, टिंब ठेवा

भंडारा जिल्ह्यात धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या पाळीला धुरा. समजा, पवनी तालुक्यातल्या एका काटकोनी बांधीला टेप लावला. लांबी ६२.५ मीटर भरली, रुंदी ४०.४ मीटर. आता क्षेत्रफळ काढायचं आहे.

शाळेतली रीत अशी की दशांश चिन्ह तूर्त नाहीच असं समजायचं आणि ६२५ ला ४०४ ने गुणायचं. ६२५ चे चारशे पट म्हणजे २,५०,०००. त्यात चौपट, म्हणजे २,५०० मिळवले की २,५२,५०० होतात. मग स्थळं मोजायची. ६२.५ मध्ये टिंबानंतर एक अंक, ४०.४ मध्येही एक, एकूण दोन. उत्तराच्या उजवीकडून दोन अंक सोडून टिंब ठेवलं की येतात २५२५.०० चौरस मीटर.

पण टिंब उचललं तेव्हा नेमकं काय झालं? आपण मीटर सोडून डेसिमीटर धरला, म्हणजे मीटरचा दहावा भाग. ६२.५ मीटर म्हणजे ६२५ डेसिमीटर, ४०.४ म्हणजे ४०४. बांधी तेवढीच राहिली, फक्त माप बारीक झालं. गुणाकार आला तो चौरस डेसिमीटरमध्ये, आणि एका चौरस मीटरच्या चौकटीत असे चौकोन दहा ओळींत दहा-दहा, म्हणजे शंभर बसतात. म्हणून शेवटी शंभराने भागावं लागतं, आणि शंभराने भागणं म्हणजेच टिंब दोन घरं डावीकडे सरकवणं. एका संख्येत दोन स्थळं आणि दुसरीत एक असेल, तर शंभर गुणिले दहा म्हणजे हजाराने भागायचं, टिंब तीन घरं सरकवायचं. स्थळांची बेरीज का करायची, याचं उत्तर इथे आहे: दहाच्या पटी गुणल्या की त्यांच्यातले शून्य एकत्र येतात.

सगळ्यात फसवी चूक या बांधीतच दडली आहे. २,५२,५०० च्या शेवटी दोन शून्य आहेत. दशांशात शेवटच्या शून्यांना किंमत नसते, हे डोक्यात असलेला मुलगा ते आधीच खोडतो, २५२५ उरवतो आणि मग दोन घरं मोजून २५.२५ लिहितो. शून्य खोडायला हरकत नाही, पण टिंब ठेवून झाल्यावर. त्याआधी तेही मोजणीतले अंकच असतात. गंमत म्हणजे हे चुकीचं उत्तर ओळखीचं वाटतं. शंभर चौरस मीटरचा एक आर, त्यामुळे या बांधीचं क्षेत्र खरोखरच २५.२५ आर आहे. सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने ०.२५.२५ असं येईल. तो कागद शेजारी ठेवून ताळा पाहिला, तर चूक बरोबर ठरते! तिथली टिंबं तीन मापं वेगळी करण्यासाठी आहेत, त्यांच्यावर दशांशाची स्थळं मोजू नयेत. खरा ताळा अंदाजाचा. साठ गुणिले चाळीस म्हणजे चोवीसशे. उत्तर त्याच्या आसपासच हवं, पंचवीसच्या नाही.

दुसरी चूक धुऱ्यावर भेटते. धुरा ०.४ मीटर रुंद आणि ०.२ मीटर उंच असेल, तर त्याचा आडवा छेद किती? चार दुणे आठ, स्थळं दोन, पण अंक एकच. मग डावीकडे शून्य भरून घर पुरवायचं: ०.०८. घाईत ०.८ लिहिलं जातं. ते चूक आहे हे लगेच कळतं, कारण ०.२ चा निम्म्याहून कमी भाग घेतल्यावर उत्तर ०.२ पेक्षा मोठं कसं होईल? असाच धुरा बांधीच्या लांबीभर घालायचा, तर माती ०.०८ गुणिले ६२.५. आठ गुणिले ६२५ म्हणजे ५,०००, स्थळं दोन अधिक एक, म्हणून ५.०००, नेमकी पाच घनमीटर.

ही रीत छापून लोकांपुढे ठेवली ती सायमन स्टेविनने, १५८५ साली, ‘दी थिंडे’ म्हणजे ‘दशांश’ या छोट्या डच पुस्तिकेत. ज्यांच्यासाठी त्याने ती लिहिली, त्यांत जमीन मोजणारेही होते. तो टिंब वापरत नसे. प्रत्येक अंकाचं स्थान वर्तुळातल्या आकड्याने दाखवी. त्याच्या गुणाकारात ३२.५७ आणि ८९.४६ या संख्या आहेत. दोन्हींच्या शेवटच्या अंकाचं चिन्ह २, बेरीज ४, म्हणून २९१३.७१२२. टिंब नसतानाही नियम हाच होता.

मात्र स्थळं मोजून आलेला प्रत्येक अंक खरा असतोच असं नाही. टेप डेसिमीटरपर्यंतच वाचला असेल, तर प्रत्येक बाजूत पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात, आणि तेवढ्याने क्षेत्रफळ पाचेक चौरस मीटरने हलतं. २५२५.०० मधले शेवटचे दोन शून्य गुणाकाराने दिले आहेत, बांधीने नाहीत.