‘दरम्यान’च्या मागे दडलेली बातमी

“ग्रामसभा सरपंचांच्या अध्यक्षतेखाली खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली.” आमच्या तालुक्याच्या नव्या वार्ताहराची पहिली मोठी कॉपी अशी सुरू होत होती. पुढे व्यासपीठावर कोण बसलं, सत्कार कोणाचा झाला, प्रास्ताविक कोणी केलं, सगळं रीतसर होतं. नवव्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं: “दरम्यान, गावातील तीनपैकी दोन विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा अहवाल वाचून दाखवण्यात आला. दूषित पाण्यामुळे शेकडो ग्रामस्थ आजारी असल्याचे सूत्रांकडून समजते.”

मी ‘दरम्यान’ या शब्दाभोवती निळ्या पेनाने गोल केला आणि खाली लिहिलं, “बातमी इथे आहे. ती इतक्या खाली का गेली, सांगू? सभा ज्या क्रमाने झाली, त्याच क्रमाने तू लिहिलंस. ते इतिवृत्त झालं. गावातली बाई पेपर उघडते, तेव्हा तिला आभार कोणी मानले याच्याशी देणंघेणं नसतं. आज घागर कुठल्या विहिरीवर न्यायची, हे तिला कळायला हवं.”

याला एक व्यवहाराची बाजूही आहे, तीही तिला सांगितली. रात्री उशिरा जाहिरात आली की जिल्हा पानावरची बातमी डेस्कवर कापली जाते, आणि घाईत कात्री खालूनच चालते. त्या रात्री जाहिरात आली असती, तर सत्कार छापला गेला असता आणि विहिरी उडाल्या असत्या.

इंट्रो वर आणणं दहा मिनिटांचं काम. खरा वेळ गेला तो पुढच्या प्रश्नांवर, आणि म्हणूनच टिपणातला मोठा भाग त्यांचाच होता. अहवाल तिने ऐकला होता, पाहिला नव्हता. “कागद हातात घे,” मी लिहिलं, “आणि त्यावर दोन तारखा शोध. नमुना कधी घेतला आणि अहवाल कधी दिला.” पाण्यातल्या जंतूंची तपासणी हातोहात होत नाही. नमुना प्रयोगशाळेत एक-दोन दिवस उबवावा लागतो, मग कागद गावी पोचतो. मधल्या काळात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असू शकते. म्हणून ‘पाणी अयोग्य आहे’ असं आज छापता येत नाही. ‘अमुक तारखेला घेतलेला नमुना पिण्यास अयोग्य ठरला’ एवढंच आपल्या हातात आहे. त्यानंतर टीसीएल टाकली का आणि फेरतपासणीला नमुना पाठवला का, हे ग्रामसेवकांना विचारायचं. त्यांची बाजू बातमीत हवीच. फोन उचलला नाही, तर किती वाजता केला होता तेही टिपून ठेवायचं.

‘शेकडो आजारी’वर मी सर्वांत जास्त शाई खर्च केली. “शंभर की नऊशे? मोजले कोणी? ‘सूत्र’ म्हणजे माणूस, आणि तो कोण हे निदान मला तरी ठाऊक हवं. नोकरी जाण्याची भीती असेल तर नाव छापू नकोस, पण त्याला ही माहिती कुठून मिळाली ते मला सांग. पारावर ऐकलं असेल तर ते सूत्र नव्हे.” आजाऱ्यांचा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतून काढता येतो. नावं नकोत, फक्त जुलाब-उलट्यांचे त्या गावचे रुग्ण किती, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून विचारून घ्यायचं.

तिथेही एक फट राहतेच. अहवाल विहिरीबद्दल बोलतो, नोंदवही माणसांबद्दल. या पाण्यामुळेच ती माणसं आजारी पडली, असं दोन्हीपैकी एकही कागद सांगत नाही. हा दुवा डॉक्टरांनी जोडला तर त्यांच्या नावाने लिहायचा, नाहीतर दोन गोष्टी शेजारी ठेवून थांबायचं. “‘दूषित पाण्यामुळे’ यातला ‘मुळे’ तुझा आहे,” मी लिहिलं. “तो काढ.”

शेवटी एकच प्रश्न राहिला. तीनपैकी दोन विहिरी, पण कोणत्या दोन?

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गावी गेली. संध्याकाळी अहवालाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि वहीत उतरवलेले आकडे घेऊन आली. शेकडोंचे आठ दिवसांत चौदा झाले होते. डॉक्टरांनी कारण सांगायचं टाळलं होतं. टीसीएल नमुन्यानंतर दोनदा टाकल्याचं ग्रामसेवक म्हणाले होते, फेरतपासणीचा नमुना मात्र गेला नव्हता.

दुसऱ्या कॉपीचं पहिलं वाक्य असं होतं: “शाळेजवळच्या आणि मारुतीच्या देवळामागच्या विहिरींतून घेतलेले पाण्याचे नमुने जिल्हा प्रयोगशाळेत पिण्यास अयोग्य ठरले असून, त्यांची फेरतपासणी अद्याप झालेली नाही.”

“सर, शाळेची मुलं त्याच विहिरीचं पाणी पितात,” ती म्हणाली. “काल मी विचारलंच नव्हतं.”