डच ईमेलमधली एक रिकामी जागा

नेदरलँड्समधल्या कचेरीत नव्याने रुजू झालेल्या परदेशी माणसाच्या ईमेलमध्ये या थाटाचं वाक्य हमखास सापडतं: ‘हेट टीम लायडर कोमट मॉर्खन नार द क्लांट खस्प्रेक.’ टीमचा प्रमुख उद्या ग्राहकाशी होणाऱ्या चर्चेला येणार आहे, एवढंच सांगायचंय. यात चुका मोजल्या तर चार भरतात: दोन शब्द तोडले, दोन ठिकाणी ‘द’ आणि ‘हेट’ची अदलाबदल झाली. खरं तर मूळ चूक एकच, स्पेसबारची.

डचमध्ये दोन नामं मिळून एका गोष्टीचं नाव होत असेल, तर ती जोडून लिहितात: टीमलायडर, क्लांटखस्प्रेक. शिवाय प्रत्येक नामाआधी ‘द’ किंवा ‘हेट’ ठरलेलं असतं. नपुंसकलिंगी नामांना हेट, बाकीच्यांना द. जोडशब्दात हा मान शेवटच्या शब्दाचा. मराठीतही देव पुल्लिंगी असला तरी आपण ‘ते देवघर’ म्हणतो, कारण घर नपुंसकलिंगी. टीमला हेट लागतं, पण लायडरला द. म्हणून ‘द टीमलायडर’. क्लांटला द, खस्प्रेकला हेट. म्हणून ‘हेट क्लांटखस्प्रेक’. आपल्या लेखकाने शब्द तोडले आणि जवळ दिसला त्या शब्दाचं उपपद लावून टाकलं.

ही चूक तिथेच थांबत नाही. ‘एक लांबलचक चर्चा’ म्हणताना हेटच्या नामाआधी विशेषण नुसतं ‘लांग’ राहतं. द-च्या नामाआधी, उदाहरणार्थ बैठकीसाठी, त्याचं ‘लांगे’ होतं. ‘जी चर्चा’ म्हणताना ‘डाट’, ‘जो प्रमुख’ म्हणताना ‘डी’. उपपद चुकलं की मागचे शब्दही घसरतात.

शब्द तोडण्याची खोड डच लोकांनाही आहे. इंग्रजीच्या प्रभावावर खापर फोडून ते तिला ‘इंग्रजी रोग’ म्हणतात. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर इथे फारसं कामाचं नाही: सुटे तुकडे त्याला बरोबर वाटतात आणि अनोळखी पण योग्य जोडशब्दाखाली ते लाल रेघ ओढतं. ती रेघ घालवायला माणूस मध्ये जागा सोडतो! कधी अर्थही पालटतो. ‘लांगेआफस्टांट्सलोपर’ म्हणजे लांब पल्ल्याचा धावपटू. ‘लांगे’ सुटं केलं की तो उंच धावपटू होतो. द-हेटच्या बाबतीत मात्र डच माणूस क्वचितच चुकतो, म्हणून तीच चूक परकेपणा उघड करते.

ईमेल पाठवण्याआधी आधी शब्द जोडा, मग शेवटच्या शब्दाचं उपपद पाहा. ‘-इंग’ प्रत्यय लागून बनलेली नामं आणि सगळी अनेकवचनं द-ची. ‘-य’ लावून लहानपण दाखवणारी एकवचनी नामं हेटची. बाकीच्यांसाठी woordenlijst.org ही अधिकृत शब्दसूची मोफत आहे. फारच लांब शब्द वाचायला जड जात असेल, तर मध्ये संयोगचिन्ह घाला. ते चालतं, रिकामी जागा चालत नाही.