गॅस ईदपर्यंत पुरेल का?

रमजानात गॅस संपतो तो नेमका सहेरीला. तव्यावर पराठा अर्धा भाजलेला असतो, घड्याळात पावणेपाच वाजलेले असतात आणि ज्योत बसते. एरवी शेजारून चहा येतो, हॉटेल उघडे असते. सहेरीच्या वेळी दोन्ही नाही. म्हणून या महिन्यात ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न प्रत्येक स्वयंपाकघरात उठतो आणि त्याचे उत्तर बहुधा सिलिंडर हलवून दिले जाते.

ज्योतीकडे पाहून हे कळत नाही, त्याला कारण आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. आपण वाफ जाळतो, तेवढी नवी वाफ द्रवातून तयार होते. द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो, रेग्युलेटरही शेगडीकडे सारख्याच दाबाने गॅस सोडतो. म्हणून बारा किलो असताना आणि एक किलो असताना ज्योत सारखीच दिसते. खरे सांगतो तो फक्त वजनकाटा.

यंदा दहाव्या रोजाला तरावीहनंतर माझ्या भाचीने मोबाईलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, ‘मामू, यावरून सांगा ना, ईदपर्यंत पुरेल का?’ नवे लग्न, दोघांचाच संसार, एकच सिलिंडर. फोटोत सिलिंडरच्या मानेजवळच्या लोखंडी पट्ट्या होत्या. वरची गोल कडी आणि टाकी यांना जोडणाऱ्या या उभ्या पट्ट्यांवरच सारी माहिती असते. अडचण अशी की तिथे आकडे एकापेक्षा जास्त असतात.

एका पट्टीवर होते ‘ए-२७’. हे वजन नव्हे, ही सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन अंक वर्षाचे. कुठे ३३.३ असे कोरलेले सापडते, ती टाकीची लिटरमधली क्षमता. आपल्याला हवा तो आकडा ‘टी.डब्ल्यू.’ या अक्षरांजवळ असतो. ते रिकाम्या सिलिंडरचे वजन, किलोत. घरगुती सिलिंडरचे हे वजन बहुधा पंधरा-सोळा किलोच्या आसपास असते आणि प्रत्येक सिलिंडरचे वेगळे असते. शेजारणीच्या सिलिंडरचा आकडा आपल्याला चालत नाही.

भाचीच्या फोटोत तो आकडा १५.३ वाटत होता आणि १५.८ सुद्धा. रंगाचे थर चढले की तीन आणि आठ सारखेच दिसतात. फ्लॅशने समोरून काढलेल्या फोटोत हे हमखास होते, कारण सरळ पडलेल्या उजेडात खोलगट भागाची सावलीच नाहीशी होते. मी तिला म्हटले, ‘बेटा, फ्लॅश बंद कर, दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरपा धर आणि पट्टीवर पिठाचा हात फिरव.’ दुसऱ्या फोटोत पीठ खाचांत बसले होते आणि आठ स्पष्ट दिसला. १५.८. हा अर्धा किलो किरकोळ नाही. दोघांच्या घरात तो एक दिवसाचा स्वयंपाक आहे.

पण केवळ फोटोवरून शिल्लक गॅस कळत नाही. फोटो रिकामे वजन सांगतो. आजचे वजन काट्यानेच घ्यावे लागते. घरात माणसाचे वजन करायचा काटा होता. शेगडीची बटणे बंद केली, रेग्युलेटर काढून झाकण बसवले, कारण रेग्युलेटर आणि नळीचा भार टी.डब्ल्यू.मध्ये धरलेला नसतो. जावई आधी एकटा काट्यावर उभा राहिला : ६८.२. मग सिलिंडर उभाच धरून : ८८.९. भाचीने खाली वाकून आकडा वाचला. फरक २०.७ किलो. त्यातून १५.८ वजा केले. शिल्लक गॅस ४.९ किलो.

आता दिवस. सिलिंडर जोडून चोवीस दिवस झाले होते. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे ९.३ किलो संपला, रोज सुमारे ३९० ग्रॅम. या हिशेबाने ४.९ किलो साडेबारा दिवस, म्हणजे बाविसाव्या रोजापर्यंत जायला हवा.

मी तिला म्हटले, ‘यावर विसंबू नको.’ त्या चोवीस दिवसांतले चौदा रमजानच्या आधीचे होते. तेव्हा दोघे दुपारी डब्यावर असायचे, रात्री एक भाजी आणि पोळ्या. आता सहेरीला गरम जेवण, इफ्तारला भजी-समोसे, वर खीर नाहीतर हलीम. मोठ्या बर्नरला तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस लागतो, तेव्हा तीन तास मंद आचेवर रटरटणारे हलीम कुठे जाते ते लक्षात यावे. जुन्या दिवसांची सरासरी रमजानला लावली की गणित फसते.

म्हणून तीन दिवसांनी, तेराव्या रोजाच्या रात्री, पुन्हा वजन केले. काटा तोच, माणूस तोच. सिलिंडर भरला १९.२ किलो. तीन दिवसांत दीड किलो, म्हणजे रोज अर्धा किलो. शिल्लक ३.४ किलो, म्हणजे पावणेसात दिवस. बाविसाव्या रोजाचा अंदाज विसाव्यावर आला.

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. रोजचा खर्च काढायला टी.डब्ल्यू. लागतच नाही, दोन वजनांतला फरक पुरतो. पट्टीवरचा आकडा वाचता आला नाही तरी खर्च बरोबर निघतो, चुकते ती फक्त शिल्लक.

घरचा काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवतोच. तीन दिवसांच्या दीड किलोत दोनशे ग्रॅमची चूक धरली, तर पावणेसात दिवसांचे सहा होतात किंवा जवळपास आठ. म्हणून मी शिल्लकेतून अर्धा किलो राखून ठेवायला सांगितला. उरले २.९ किलो, म्हणजे पाच पूर्ण दिवस. अठराव्या रोजापर्यंत खात्री, पुढे नशीब. त्यातच सतराव्या रोजाला पंधरा जणांची इफ्तारी ठरली होती. ती या हिशेबात नव्हतीच. ‘मग मामू, आजच नंबर लावू?’ ‘हो, आजच.’

नवा सिलिंडर येईल तेव्हा हेच काम सोपे होते. घरी आणून देणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगावे, तो ग्राहकाचा हक्क आहे. वजन टी.डब्ल्यू. अधिक १४.२ इतके भरले पाहिजे. दीडशे ग्रॅमची तफावत चालते. फरक जास्त असेल तर सिलिंडर घेऊ नये. पट्टीचा फोटो तेव्हाच, दिवसाच्या उजेडात काढून ठेवावा. आणि फ्रिजवर सहेरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता लावलेला असतोच. ज्या रोजाला वजन केले, त्याच्या ओळीपुढे किलोचा आकडा लिहावा. दोन आकडे झाले की तिसरा आपोआप सुचतो.