वारंवार खंडित होणारी सेवा आणि दंडाविना करारमुक्ती

आपल्या समाजात कर सल्लागार, हिशेबनीस, लहान व्यापारी अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांचे काम आता इंटरनेटच्या जोडणीवरच चालते. विवरणपत्राची अखेरची तारीख आणि जोडणी बंद, हा अनुभव त्यांना नवा नाही. संतापून सेवा बंद करावयास जावे, तर कंपनी उर्वरित मुदतीचे शुल्क मागते. अशा वेळी आपला पक्ष तरतो तो आपल्या संतापावर नव्हे, तर कंपनीनेच करारात लिहून दिलेल्या एका टक्केवारीवर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इचलकरंजीतील एका कर सल्लागाराने दरमहा ३,००० रुपयांची जोडणी २४ महिन्यांच्या कराराने घेतली. मध्येच सोडल्यास उर्वरित महिन्यांचे संपूर्ण शुल्क द्यावे, असे त्यात एक कलम आहे. दुसऱ्या कलमात दरमहा ९९.५ टक्के वेळ सेवा चालू राहील अशी हमी आहे, आणि सलग सहा महिन्यांपैकी तीन महिन्यांत ती पाळली न गेल्यास ग्राहकास ३० दिवसांच्या लेखी सूचनेने दंडाविना करार संपविता येईल, असेही म्हटले आहे. हे दुसरे कलम बहुधा जोडपत्रात बारीक अक्षरांत असते. सही करताना ते कोणी वाचत नाही.

आता हिशेब पाहू. जूनचे ३० दिवस म्हणजे ७२० तास. त्याचा अर्धा टक्का ३ तास ३६ मिनिटे होतो, आणि तेवढा खंड करारास मान्य आहे. जूनमध्ये सेवा एकूण ११ तास २० मिनिटे बंद होती. परंतु त्यातील दोन तास पूर्वसूचना देऊन केलेल्या दुरुस्तीचे होते, आणि दीड तास सल्लागाराच्याच कार्यालयात वीज नव्हती. अशी कारणे करारातच वगळलेली असतात. म्हणून ती आपणच आधी वजा करावीत. एक चुकीची नोंद दाखवून कंपनीला सबंध तक्ता फेटाळणे सोपे जाते. उरले ७ तास ५० मिनिटे, म्हणजे सेवा ९८.९ टक्के. हमी मोडली. जुलैमध्ये सहा तास खंड पडला, तेथेही मोडली.

ऑगस्टमध्ये मात्र घोटाळा झाला. नोंदलेला खंड होता ३ तास १० मिनिटे, म्हणजे मर्यादेच्या आत. एका रात्री जोडणी आणखी दोन तास बंद होती, पण ‘सकाळी पाहू’ म्हणून तक्रार केली गेली नाही. बहुतेक करारांत खंडाचा काळ सेवा बंद पडल्यापासून नव्हे, तर तक्रार नोंदविल्यापासून मोजतात. ते दोन तास त्यामुळे हिशेबात आलेच नाहीत, आणि तिसऱ्या मोडलेल्या महिन्यासाठी सप्टेंबरची वाट पाहावी लागली. त्या महिन्यात पाच तास सेवा बंद राहिली. व्यापाऱ्याच्या घरात वही लिहिण्याची सवय असतेच. तीत तक्रार क्रमांक, नोंदीची वेळ आणि सेवा पूर्ववत झाल्याची वेळ असे तीन रकाने आखावेत.

यानंतर पत्र लिहावे. त्यात कलमाचा क्रमांक, तीनही महिन्यांचा तक्ता, करार संपण्याची तारीख आणि अनामत परत करण्याची मागणी एवढेच असावे. सूचनेच्या ३० दिवसांचे शुल्क थांबवू नये. थकबाकी झाली की करारभंग आपल्या माथी येतो. कंपनीचे यंत्र परत करताना पावती घ्यावी, आणि मुदत संपताच बँकेतून आपोआप होणारी वजावट बंद करावी.

कंपनी बहुधा सांगते की, ‘बिलात सूट दिली आहे, विषय संपला.’ करारात सूट हाच एकमेव उपाय म्हटला आहे काय, हे तेव्हा पाहावे. बाहेर पडण्याचे स्वतंत्र कलम असेल, तर सूट घेतल्याने ते रद्द होत नाही.

असे कलमच नसेल तर वाट अवघड होते, पण बंद होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तर हानीच्या मानाने अवास्तव दंड लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हटले आहे. हमी दिलेला दर्जा न राखणे ही सेवेतील त्रुटी होय, आणि तिथेही तोच तक्ता पुरावा ठरतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या सेवेला हा अधिनियम लागू नाही, परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याची सेवा व्यापारी प्रयोजनाची नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत, असे कंपन्या पूर्वी सांगत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आक्षेप फेटाळला. तत्पूर्वी कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाऊन त्याचे उत्तर जवळ ठेवलेले बरे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही.